एमआरआयमध्ये ‘हाडात पाणी’ लिहून आलं, तर

मागच्या पावसाळ्यात एक वडील आणि त्यांचा २६ वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसले होते. वडिलांच्या हातात एमआरआयचा रिपोर्ट होता आणि त्यातल्या एका ओळीखाली त्यांनी पेनानं दोनदा रेघ मारली होती. दोन्ही सॅक्रोइलियाक सांध्यांच्या कडेला ‘बोन मॅरो इडिमा’ आहे, अशा अर्थाची ती ओळ. कुणीतरी त्यांना त्याचं मराठी करून सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, “मॅडम, पोराच्या हाडात पाणी झालंय म्हणतात. सुईनं काढता येईल का?”

मी रेडिओलॉजिस्ट आहे, एमआरआय वाचणं हा माझा रोजचा उद्योग. हा प्रश्न मला याआधीही अनेकांनी विचारला आहे आणि तो विचारणाऱ्याची त्यात काही चूक नाही. ‘इडिमा’ या शब्दाचं मराठी भाषांतर पाणी किंवा सूज असंच होतं. पण हे पाणी गुडघ्यात साठतं तसं नाही आणि पायावर चढणाऱ्या सुजेसारखंही नाही. ते काय आहे, त्यावरून काय ठरतं आणि काय ठरत नाही, एवढंच या लेखात सांगायचं आहे. रिपोर्टमधली ही एक ओळ चुकीची वाचली गेली तर दोन्हीकडून नुकसान होतं. खरा आजार असलेला तरुण वर्षानुवर्षं कमरेला पट्टा बांधून फिरतो, आणि आजार नसलेल्या माणसाच्या माथी जन्मभराचं निदान बसतं.

आधी जागा समजून घेऊ. कमरेच्या खाली, पाठीच्या मध्यापासून दोन्हीकडे दोन बोटांवर ज्या खळ्या दिसतात, त्यांच्या आत खोलवर हे सांधे असतात. मधलं त्रिकोणी हाड म्हणजे त्रिकास्थी आणि दोन्ही बाजूंची पंख्यासारखी कटीची हाडं, यांची ही जोडणी. गुडघा किंवा खांदा हलतो तसा हा सांधा हलत नाही, त्याची हालचाल अगदी थोडी. पण कमरेवरचं सगळं वजन दोन पायांत वाटलं जातं ते इथूनच. म्हणून कामाचा ताण इथे रोजचाच, आणि पुढे येणाऱ्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवायला हवं.

आता ते पाणी. मटणाच्या नळीतली मऊ, चरबीदार मज्जा सगळ्यांनी पाहिलेली असते. आपल्याही हाडांच्या आत जाळीदार पोकळ्या असतात आणि त्यांत अशीच मज्जा भरलेली असते. मोठ्या माणसात तिचा बराचसा भाग चरबीचा. एमआरआयमध्ये ‘स्टर’ नावाची एक पद्धत आहे, तिच्यात चरबीकडून येणारा सिग्नल मुद्दाम दाबून टाकतात. मग निरोगी हाड काळपट दिसतं आणि जिथे मोकळं पाणी जास्त आहे ती जागा काळ्या पाटीवर ओला खडू फिरवल्यासारखी पांढरी उठते. सांध्याच्या कडेला दाह सुरू झाला की तिथे रक्तपुरवठा वाढतो, दाहाच्या पेशी मज्जेत शिरतात आणि चरबीच्या जागी पाण्याचा अंश वाढतो. तो पांढरा डाग म्हणजे बोन मॅरो इडिमा. त्यात काढण्यासारखं साठलेलं पाणी नसतं. ओल्या भिंतीत पाणी असतं तसं ते हाडात मुरलेलं असतं.

त्या भिंतीचंच उदाहरण पुढे नेते. ओल दिसली म्हणजे काहीतरी चालू आहे हे नक्की, पण ती गच्चीतून आली, नळातून आली की शेजारच्या मोरीतून, हे ओलीकडे बघून कळत नाही. इडिमाचं तसंच आहे. हाडावर ताण पडला तरी तो दिसतो, जंतुसंसर्ग झाला तरी दिसतो, बाळंतपणानंतर दिसतो, आणि ॲक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस या दाहक संधिवातातही दिसतो. याच आजाराचं पुढच्या टप्प्यातलं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणून अनेकांनी ऐकलेलं असेल.

त्या मुलाकडे परत येते. चाकणच्या एका कारखान्यात तो मशीनवर काम करायचा. आठ-नऊ महिन्यांपासून कंबर दुखत होती. कधी पडला नव्हता, वजन उचलताना लचक भरल्याचं आठवत नव्हतं. दुखणं हळूहळू सुरू झालं आणि टिकून राहिलं. पहिल्या डॉक्टरांनी पट्टा आणि विश्रांती सांगितली. दुसऱ्यांनी मणक्याचा एमआरआय केला, त्यात शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी किंचित फुगलेली निघाली. “गादी सरकलीय, मणक्यात गॅप आहे,” असं निदान घेऊन तो तीन महिने ट्रॅक्शनला जात राहिला. एवढीशी फुगलेली गादी याच वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांतही सापडते. आणि मणक्याच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये सॅक्रोइलियाक सांधे जवळजवळ येतच नाहीत, आलेच तर कडेला अर्धवट. त्यामुळे त्या तपासणीनं खऱ्या जागेकडे पाहिलंच नव्हतं.

मी त्याला विचारलं, “सकाळी उठल्यावर काय होतं ते सांग.”

तो म्हणाला, “बूट घालता येत नाहीत. आई घालते.” असं म्हणून थोडा थांबला. “पहाटे चारला जाग येते. कूस बदलायची तर आधी पलंगाची कड धरावी लागते. उठून फिरलो की बरं वाटतं. कंपनीत पोचेपर्यंत मोकळा होतो. रविवार मात्र वाईट जातो, पडून राहिलो की जास्त दुखतं.”

या थोडक्या वाक्यांत जवळजवळ सगळं आलं. चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं. हालचालीनं कमी होतं, विश्रांतीनं कमी होत नाही. रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते आणि उठल्यावर आराम पडतो. सकाळचा ताठपणा अर्ध्या तासाहून जास्त. दाहामुळे कंबर दुखते तेव्हा ती अशी दुखते. गादीचं किंवा स्नायूचं दुखणं साधारण उलट वागतं, म्हणजे कामानं वाढतं आणि पडल्यावर थांबतं. सकाळी तिथेही कंबर आखडते, पण पाच-दहा मिनिटांत सुटते.

त्याच्या सॅक्रोइलियाक सांध्यांच्या एमआरआयमध्ये काय होतं ते आता सांगते. या तपासणीचे काप त्रिकास्थीच्या उताराला समांतर, तिरपे घेतात. प्रत्येक काप तीन-चार मिलिमीटर जाडीचा असतो. स्टरच्या चित्रांत दोन्ही बाजूंना, सांध्याच्या अगदी लगतच्या हाडात पांढरे डाग होते. उजवीकडचा डाग सलग सहा कापांवर दिसत होता आणि सांध्याच्या कडेपासून हाडात दीड सेंटिमीटर आत गेला होता. मग मी त्याच जागेची ‘टी वन’ पद्धतीची चित्रं शेजारी लावली. तिच्यात चरबी पांढरी दिसते आणि हाडाची कड काळ्या रेघेसारखी सलग. त्याची ती रेघ कटीच्या हाडाच्या बाजूला तीन-चार ठिकाणी तुटलेली होती, उंदरानं पुठ्ठ्याची कड कुरतडावी तशी. या कुरतडलेल्या जागांना इरोजन म्हणतात. दोन ठिकाणी टी वनमध्येच पांढरे ठिपके होते. तिथला दाह आधीच ओसरून मागे चरबी भरली होती. याचा अर्थ दुखणं आठ महिन्यांचं असलं तरी सांध्यातली गडबड त्याहून जुनी असावी.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण रिपोर्टमधल्या ‘सॅक्रोइलायटिस’, म्हणजे या सांध्यांचा दाह, या शब्दाबद्दलचा मोठा गोंधळ याच जागी होतो.

ॲसास नावाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २००९ मध्ये एमआरआय ‘पॉझिटिव्ह’ कधी म्हणायचा याची व्याख्या दिली. सांध्यालगतच्या हाडात एकाच कापावर दोन ठिकाणी इडिमा असेल, किंवा एकाच ठिकाणचा इडिमा सलग दोन कापांवर दिसत असेल, तर पुरे. ही व्याख्या मुख्यतः संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडायला केलेली होती, आणि ज्याच्या लक्षणांवरून आजाराची शंका आधीच आली आहे अशा माणसासाठी होती. प्रत्यक्षात ती सरसकट निदानासाठी वापरली जाऊ लागली. मग नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक साधी गोष्ट केली. ज्यांना कंबरदुखी नाही अशा ४७ निरोगी माणसांचे एमआरआय काढले आणि आजारी माणसांच्या एमआरआयमध्ये मिसळून वाचायला दिले. त्या निरोगी ४७ पैकी ११ जण व्याख्येनुसार ‘पॉझिटिव्ह’ निघाले. बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या स्त्रियांचा वेगळा गट सातच जणींचा होता, पण त्यांतल्या चौघी पॉझिटिव्ह होत्या. नियमित धावणाऱ्यांतही काहीजणांना डाग होते. फरक कुठे होता, तर खोलीत. हाडात एक सेंटिमीटरहून आत गेलेला इडिमा जवळजवळ फक्त खऱ्या रुग्णांतच सापडला.

त्यानंतर उंबरठा वर गेला. ॲसासच्याच तज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबात प्रत्येक सांध्याचे चार भाग पाडतात, म्हणजे दोन्ही मिळून आठ. त्यांपैकी चार किंवा जास्त भागांत इडिमा असेल, किंवा एकाच जागी सलग तीन कापांवर असेल, तर तो या आजाराचा असण्याची शक्यता खरोखर मोठी. त्याच जागी इरोजन असतील तर आणखी बळकट. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इरोजनविषयी काही न लिहिता नुसता ‘इडिमा, सॅक्रोइलायटिस’ म्हणणारा रिपोर्ट अपुरा असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये इडिमा एका बाजूला की दोन्हीकडे, किती कापांवर, किती खोल, आणि टी वनमध्ये कड शाबूत आहे की तुटलेली, हे नसेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि रेडिओलॉजिस्टकडून ते लिहून मागा. असं विचारलेलं कुणाला आवडो न आवडो, तो तुमचा हक्क आहे.

आता उलट बाजूचं उदाहरण. ३१ वर्षांची एक शिक्षिका, बाळ पाच महिन्यांचं. कंबर दुखते म्हणून एमआरआय झाला होता आणि रिपोर्टमध्ये सॅक्रोइलायटिस. बायोलॉजिक इंजेक्शनांपर्यंत गोष्ट गेली होती. दूध पाजणं थांबवावं लागेल का, या विचारानं ती रडवेली झाली होती. तिला सकाळचं विचारलं तर म्हणाली, पाच-दहा मिनिटं आखडल्यासारखं होतं. दुखणं वाढायचं बाळाला वाकून उचलताना, आणि दुपारी आडवं झालं की कमी व्हायचं. एमआरआय पाहिला. सांध्याच्या पुढच्या, वरच्या भागात दोन कापांवर पातळसा इडिमा होता आणि टी वनमध्ये हाडाची कड सरळ, अखंड होती. गरोदरपणात आणि प्रसूतीच्या वेळी कटीच्या हाडांच्या या जोडणीवर विलक्षण ताण येतो. त्याचे डाग काही महिने, कधी वर्षभरही दिसत राहतात. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलं. तिच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपी दिली आणि वाट पाहिली. सहा महिन्यांनी दुखणं उरलं नव्हतं. तिचा एमआरआय पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा फॉर्मवर ‘बाळंतपण पाच महिन्यांपूर्वी’ एवढे शब्द कुणी लिहिले असते तर तिचे कितीतरी वाईट दिवस वाचले असते.

म्हणून एमआरआयला जाताना तंत्रज्ञ फॉर्म भरतो तेव्हा चार गोष्टी आपणहून सांगा. मागच्या वर्षभरात बाळंतपण झालं का, मॅरेथॉनची तयारी, पोलीसभरतीचा सराव किंवा जड व्यायाम चालू आहे का, ताप किंवा वजन घटणं आहे का, आणि कोणती वेदनाशामक गोळी किती दिवस चालू आहे. शेवटची गोष्ट अशासाठी की ही औषधं पूर्ण मात्रेत चालू असतील तर डाग काहीसे फिके पडू शकतात. पण तेवढ्यासाठी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. चिठ्ठीवर ‘सॅक्रोइलियाक सांधे’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना, तेही बघून घ्या. नुसतं ‘कमरेचा एमआरआय’ लिहिलं असेल तर मणक्याचाच निघेल. शिरेतून द्यायच्या कॉन्ट्रास्टची या तपासणीत एरवी गरज पडत नाही. स्टर आणि टी वन पुरतात. जंतुसंसर्गाची शंका असेल तर मात्र ते लागू शकतं.

ती शंका आपल्याकडे नेहमी मनात ठेवावी लागते. इडिमा एकाच बाजूला आहे, फार पसरलेला आहे, हाड ओलांडून शेजारच्या स्नायूंत शिरलेला आहे, सांध्यात पू किंवा पाणी दिसतं आहे, असं चित्र असेल तर आधी क्षयरोग आठवायचा. गुरांमध्ये वावर असेल किंवा न उकळलेलं दूध पिण्यात आलं असेल तर ब्रुसेला. संध्याकाळचा ताप, भूक मेलेली, वजन उतरलेलं, एका पायावर भार टाकता येत नाही, ही लक्षणं दाहक संधिवाताच्या तरुणात सहसा नसतात. अशा सांध्याला संधिवात समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर क्षय भडकतो. तिथे सुईनं नमुना घेऊन तपासावा लागतो. त्या वडिलांनी विचारलेल्या सुईचं खरं काम असलंच तर ते इथे.

त्या मुलाला यातलं काही नव्हतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या. सीआरपी थोडं वाढलेलं, ५ च्या आत हवं ते ९. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह. या दोन्ही चाचण्यांना प्रमाणापेक्षा जास्त वजन दिलं जातं, म्हणून त्यांच्याबद्दल एवढंच सांगते. या आजाराच्या अनेक रुग्णांत सीआरपी अगदी नॉर्मल असतं. आणि बी२७ हा जनुक घेऊन जगणाऱ्या बहुतेक माणसांना हा आजार कधीच होत नाही, म्हणून नुसता बी२७ पॉझिटिव्ह आला तर ते निदान ठरत नाही. तो निगेटिव्ह आला तरी आजार असू शकतो. विचारल्यावर वडिलांना आठवलं की मुलाच्या मामाची पाठ तरुणपणीच वाकली होती आणि मान वळत नव्हती. मामांना कुणी कधी तपासलं नव्हतं.

एमआरआय साफ आला तर? लक्षणं त्या मुलासारखी असतील तर साफ एमआरआयनंही विषय संपत नाही. दाह कमी-जास्त होत असतो. संधिवाततज्ज्ञ काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगू शकतात. एक्स-रेवर तर सुरुवातीला विसंबूच नये, कारण त्यात दिसतं ते झालेलं नुकसान आणि ते दिसायला कित्येक वर्षं जातात. म्हणूनच निदानाला उशीर होतो.

मुलाला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी नॅप्रोक्सेन पूर्ण मात्रेत, दोन वेळा, जठराच्या संरक्षणाच्या गोळीबरोबर सुरू केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की तासाभराचा ताठपणा पंधरा मिनिटांवर आला. वेदनाशामकाला इतका झटपट आणि स्पष्ट प्रतिसाद हीसुद्धा या आजाराची एक खूण आहे. ही गोळी दुखेल तेव्हा एक अशी घ्यायची नसते, डॉक्टर सांगतील तितके आठवडे नियमित घ्यायची असते. मूत्रपिंड, रक्तदाब आणि पोटाकडे लक्ष ठेवून. अशा दोन वेगवेगळ्या औषधांना दोन ते चार आठवडे पुरेशी संधी देऊनही दाह हटला नाही, तर अडालिमुमॅबसारखी टीएनएफ रोखणारी किंवा सेक्युकिनुमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं येतात. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयासाठी चाचणी झालीच पाहिजे. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा या कंबरेच्या आजारात सहसा उपयोग नाही, आणि दिवसदिवस पडून राहणं तर घातकच.

त्याचा पट्टा सुटला. रोज सकाळी पाऊण तास पाठ ताणण्याचे आणि छाती फुलवण्याचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा पोहणं. सिगारेट बंद करायला सांगितली, कारण धूम्रपानानं या आजारात मणके जुळण्याचं प्रमाण वाढतं. आता वर्ष झालं. पुन्हा एमआरआय काढू का, म्हणून वडील विचारत होते. मी नको म्हटलं. मुलगा बरा आहे, सकाळी स्वतः बूट घालतो आणि उपचार बदलायचे नाहीत, तर चित्र पाहून काही वेगळं करायचं नाही.

एक सूचना मात्र त्याला लिहून दिली आहे, ती इथेही देते. या आजारात कधीकधी डोळ्याच्या आत दाह होतो. एक डोळा अचानक लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर डोळे आलेत समजून घरातले थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि हा आजार असल्याचं सांगा.

आणि ज्यांचं निदान अजून व्हायचं आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही उशाशी ठेवावी. रात्री किती वाजता जाग आली, सकाळी कंबर मोकळी व्हायला किती मिनिटं लागली, आणि त्या दिवशी आराम केल्यावर बरं वाटलं की चालल्यावर, एवढं लिहावं. एमआरआयच्या फिल्म आणि सीडीबरोबर ती वहीही घेऊन या.